दहा रुपये राहू दे

मोल्डिंगच्या मशीनवर रात्रपाळीत एकच माणूस असतो. साचा बंद होतो, तापलेलं प्लास्टिक आत शिरतं, थंड होतं, साचा उघडतो, आपण दार सरकवून पीस काढायचा, कटरनं त्याची शेपटी छाटायची, पीस खोक्यात आणि दार बंद. माझ्या मशीनचं हे चक्र ३८ सेकंदांचं होतं. अकरा ते सात हेच. मशीन मध्येच सोडून जाता येत नाही, कारण बॅरलमध्ये माल तापलेला असतो. तो फार वेळ तसाच पडला की करपतो, आणि पुढचे कितीतरी पीस काळ्या ठिपक्यांचे निघतात. म्हणून सुट्टी सगळ्यांना एकदम देत नाहीत. एक रिलीव्हर असतो, तो एकेकाला अर्धा तास सोडवतो. माझा नंबर तीनला यायचा. म्हणजे जेवायला, चहाला, नुसतं आकाश बघायला मी एकटाच.

कायद्यानं पाच तासांच्या आत अर्धा तास सुट्टी द्यावीच लागायची, ती देत होते. कॅन्टीन मात्र तेव्हा अडीचशेहून जास्त कामगार असले तरच सक्तीचं होतं, आणि आमच्याकडं तिन्ही पाळ्या मिळून शंभरसुद्धा नव्हते. अर्धा तास आहे पण बसायला जागा नाही, चहा नाही. चिकलठाणा एमआयडीसीतले रात्रीचे चहाचे गाडे या दोन कलमांच्या मधल्या फटीत उभे आहेत, असं मला नंतर वाटायला लागलं.

मी मूळचा जालना जिल्ह्यातल्या मंठ्याकडचा. आयटीआय झाल्यावर डिसेंबरात संभाजीनगरला आलो. मुकुंदवाडीत पत्र्याच्या खोलीत तिघं राहायचो. बाकीचे दोघं दिवसपाळीचे. मी सकाळी साडेसातला पोचायचो तेव्हा ते डबा भरून निघालेले असायचे, आणि रात्री ते आले की माझी निघायची वेळ. आमच्यात बोलणं काय, तर चूल-गॅसवर चिकटवलेली चिठ्ठी. ‘पीठ संपलं.’ ‘उद्या पाण्याचा दिवस.’ आमच्या भागात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानं यायचं आणि कधी येईल याचा नेम नसायचा. ते दुपारी आलं की माझी झोप गेली, कारण घरात मीच. एकदा मला असं लक्षात आलं, की सहा दिवसांत मी जेवढं बोललो ते ‘एक कट द्या’ आणि ‘किती झाले’ एवढंच.

तो कट मी मामांच्या गाड्यावर घ्यायचो. कंपनीच्या गल्लीतून जालना रोडकडं चाललं की कोपऱ्यावर हातगाडी. वर निळी ताडपत्री, बाजूला वीस लिटरचे पाण्याचे दोन जार, समोर एक लाकडी बाक आणि दोन उलटे क्रेट. मामा परभणीकडचे, जिंतूरचे. रात्री दहाला गाडा लावायचे आणि पहाटे पाचला मामी येऊन त्यांना सोडवायची. म्हणजे त्या घरातही दोन पाळ्याच होत्या.

पहिला महिना मी चहा घेऊन रस्त्याच्या कडंला उभा राहायचो, मोबाईल बघत. बाकावर बसलो नाही. तिथं बसणाऱ्यांचं आपसात काहीतरी ठरलेलं असतं असं वाटायचं, आणि होतंही तसंच. जानेवारीत एके रात्री सुट्टे नव्हते. पाचशेची नोट पुढं केली तर मामा म्हणाले, “राहू दे. लिहितो.”

“काय लिहिता? नाव सांगू का?”

“नाव काय करायचं?”

त्यांनी वही काढली. दोनशे पानी, वरचं पुठ्ठं दुधानं कडक झालेलं. पान उघडून त्यांनी लिहिलं: ‘मोबाईलवाला – १०’.

मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या रात्री दहा रुपये द्यायला गेलो आणि मुद्दाम मोबाईल खिशात ठेवला. त्या वहीत नाव कुणाचंच नव्हतं. ‘एटीएम’ म्हणजे पलीकडच्या एटीएमवरचे वॉचमन काका. ‘मंडी’ म्हणजे जाधववाडीच्या बाजार समितीत भाजीचा छोटा हत्ती नेणारा पोरगा. ‘मेडिकल’, ‘हायवा’, ‘देवगिरी’. देवगिरी म्हणजे रिक्षावाले चाचा. पहाटेची देवगिरी एक्सप्रेस स्टेशनात लागायची त्याआधी ते उठायचे, म्हणून ते नाव. गाडी लेट असली की त्यांची खबर आमच्याकडं मोबाईलच्या आधी असायची.

बाकावर मी बसलो ते असंच, काका जरा सरकले म्हणून. “उभ्यानं चहा पिऊ नये, गुडघ्यात उतरतो,” म्हणाले. याला काय आधार आहे देव जाणे. त्यानंतर महिनाभरात मला गाड्याचं बरंच काही कळलं. मामा रात्री दहा लिटर दूध घ्यायचे. म्हशीचं, म्हणून लिटरला जवळपास निम्मं पाणी खपायचं आणि तरी चहा दाट वाटायचा. पाणी, आलं, साखर, पत्ती आधी खळखळ उकळायची, मग दूध. हा क्रम उलटा करायचा नाही, हे मी पुढं हात पोळून शिकलो, ते सांगतोच.

वहीच्या मागच्या बाजूनं, उलटी धरून, दुसरा हिशोब होता. ती भिशी. बारा जण, महिन्याला प्रत्येकी दोन हजार, म्हणजे दर महिन्याला चोवीस हजार एकाच्या हातात. दिवाळीनंतर नोव्हेंबरात चालू झालेली, तेव्हा मी शहरातसुद्धा नव्हतो. पगार दहापर्यंत होतात, म्हणून बारा तारखेला पैसे गोळा करायचे आणि त्याच रात्री चिठ्ठी काढायची. ज्यांनी अजून उचल घेतली नाही त्यांच्या चिठ्ठ्या साखरेच्या रिकाम्या डब्यात. घरगुती भिशीत लेकराच्या हातून चिठ्ठी काढतात. पहाटे तीनला लेकरू कुठून आणायचं? म्हणून रिवाज असा, की त्या वेळी गाड्यावर जो अनोळखी गिऱ्हाईक असेल त्यानं हात घालायचा. कधी विमानतळाला जाणारा कोणी, कधी गस्तीवरचा हवालदार.

पहिला महिना मात्र चिठ्ठीविना मामांचा. मला वाटलं, चालवणाऱ्याचा मान म्हणून असेल. चाचा हसले. “मान कसला बेटा? पहिली उचल त्याची, कारण कोणी बुडवलं तर भरायचं बी त्यानंच. कागद नाही, वकील नाही. मामाच आपली बँक.”

फेब्रुवारीत मी विचारलं होतं, मला घेता का. मामांनी मान हलवली. चालू भिशीत मधून माणूस घेत नाहीत. आधीच्या महिन्यांचे हप्ते एकदम भरावे लागतात, आणि ते माझ्याकडं नव्हते. हातात पगार पडायचा साडेचौदा हजार. वर मामा म्हणाले, “अन् तुला मी वळखतो किती? तीन महिने.” बरोबर होतं.

हायवा मला आवडायचा. मुरूम-खडीचा हायवा चालवायचा तो. मोठा आवाज, मोठं हसू, स्वतःसाठी चहा घेतला तर बाजूच्यालाही पाजणार. त्यालाही मामा तीनच महिने ओळखत होते, पण तसा माणूस असला की तीन महिने तीन वर्षांसारखे वाटतात. जानेवारीच्या तिसऱ्या उचलीला त्याचं नाव निघालं आणि चोवीस हजार त्यानं बाकावर बसूनच मोजले. बहिणीच्या लग्नाचं देणं होतं म्हणाला. फेब्रुवारीचा हप्ता वेळेवर आला. मार्चचा दोन तुकड्यांत, बाराशे आणि मग आठशे. त्यानंतर तो तीनच्या ऐवजी साडेपाचला यायला लागला, म्हणजे मामी असायची तेव्हा. मामीला भिशीतलं काही विचारता येत नव्हतं, कारण तिचा या भिशीला पहिल्यापासून विरोध होता.

एप्रिलच्या बारा तारखेला तो आला नाही. फोन बंद. दोन दिवस सगळे म्हणत होते, लांबच्या ट्रिपवर असंल. तिसऱ्या रात्री मामा वही चाळत होते. एकदम थांबले आणि कपाळाला हात लावला.

“काय झालं मामा?”

त्यांनी वही माझ्याकडं फिरवली. चहाच्या बाजूला हायवाचं पान. एकशे ऐंशी रुपये उधारी होती, ती त्यानं मामीकडं देऊन खातं मिटवलं होतं. मामीनं प्रामाणिकपणे आडवी रेघ मारली होती.

“तेव्हाच कळाया पाहिजे होतं. ज्याला परत यायचं आसतंय तो चहाचे पैसे कशाला फेडील?”

मी त्यावर बराच विचार केला. चौदा हजार बुडवणारा माणूस एकशे ऐंशी चुकते करून जातो. मला वाटतं, मामीच्या तोंडासमोर त्याला ते जमलं नसावं. किंवा मनाला सांगायला काहीतरी लागत असेल.

हिशोब असा होता. त्यानं पाच हप्ते भरले, दहा हजार. उचलले चोवीस. राहिले सात हप्ते, एप्रिल ते ऑक्टोबर, म्हणजे चौदा हजार. दर महिन्याला दोन हजारांचं भोक. मंडीचं म्हणणं, उचल बावीसच करा. एटीएम काका भडकले, कारण त्यांची चिठ्ठी अजून निघाली नव्हती. “ज्यांनी आधी उचलली त्यांना पूर्ण चोवीस, अन् मागं राहिलेल्यांनीच का सोसायचं?” मेडिकल म्हणाला, चौदा हजार अकरा जणांत वाटून टाका, प्रत्येकी तेराशेच्या आत येतं. हे मला रास्त वाटलं होतं, पण मी भिशीत नव्हतो, मग बोललो नाही. मामांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग गॅस बारीक केला आणि म्हणाले, “पहिला नंबर कुणी घेतला? म्या. मग भरणार कोण?”

संपलं. पुढं कुणी काही बोललं नाही. मामा महिन्याला स्वतःचे दोन आणि हायवाचे दोन, असे चार हजार टाकणार.

त्या आठवड्यात माझ्या साप्ताहिक सुट्टीच्या रात्री मी गाड्यावरच होतो. रात्रपाळीवाल्याला सुट्टीच्या रात्रीही झोप येत नाही, डोळे उघडे ठेवून खोलीत दुसऱ्यांचं घोरणं ऐकायचं, त्यापेक्षा बाक बरा. एकच्या सुमारास चाचांनी रिक्षा लावली आणि मामांना म्हणाले, चला, त्याची खोली बघून येऊ, कोणीतरी पत्ता दिलाय. मामांनी ओगराळं माझ्या हातात दिलं. “तासभर सांभाळ. पाण्यात आलं, मग पत्ती, मग दूध. उलटं नको करू.”

मी उलटं केलं. दूध तापायला लागलं होतं, गिऱ्हाईक चार उभे, म्हटलं आलं आता वरूनच ठेचून टाकू. ताजं आलं कच्चंच दुधात पडलं की दूध फाटतं. त्याचा रस दूध जमवतो, तो आधी पाण्यात खळखळून मारावा लागतो. दोन लिटर दूध माझ्या डोळ्यांदेखत दाण्यादाण्याचं झालं. मंडी बाजूला उभा राहून म्हणाला, “पनीर किती रुपये प्लेट?” मी तेव्हा हसलो नाही. दोन लिटर दूध म्हणजे पन्नासाच्या आसपास कट, आणि मामांवर आधीच दोन हजारांचं ओझं.

मामा दोनला परत आले. खोलीला कुलूप, घरमालक म्हणाला भाडं चुकतं करून गेला. म्हणजे भाडंही दिलं होतं पठ्ठ्यानं. मामांनी पातेल्यात डोकावलं, माझ्याकडं बघितलं, फाटलेलं दूध फडक्यात ओतून पिळलं आणि मामीसाठी बाजूला ठेवलं. मी म्हटलं, दुधाचे पैसे माझ्या खात्यावर लिहा. “लिहितो की,” म्हणाले आणि लिहिले नाहीत.

त्याच रात्री, ते गाडीखालून जार ओढत होते तेव्हा, आम्ही वही उघडली. सुचलं मेडिकलला, त्याला हिशोबाची सवय. मामा वाटणी घेणार नाहीत, हे ठरलंच होतं. पण उधारी तर त्यांचीच होती. चहाच्या बाजूची बेरीज आम्ही मोबाईलवर मारली. आठ हजार तीनशे चाळीस. यातले सहाशे चाळीस एकट्या माझे. ‘मोल्डिंग – ६४०’. कधी ‘मोबाईलवाला’ खोडून ‘मोल्डिंग’ केलं होतं, मला पत्ता नाही. सगळ्यांनी ठरवलं: मेच्या दहाला पगार झाला की पहिल्यांदा इथलं खातं मिटवायचं. दान नाही, काही नाही, आपलंच देणं.

आणि खरंच सगळ्यांनी दिलं. दहा, अकरा तारखेला एकामागून एक. काकांनी बाराशे आणले, चाचांनी नऊशे, मंडीनं आधी कां-कूं केलं, मग दिले. मी माझे सहाशे चाळीस पुढं केले तेव्हा आठवा की नववा होतो. मामांचा चेहरा उतरलेला होता. मला कळेना.

“काय लावलंय रे तुम्ही? सगळेच खातं मिटवायलेत. कुठं चाललाव सगळे?”

मी म्हटलं, “मामा, कुठं जातोय? तुमची अडचण म्हणून…”

“आडचण हाय ती म्या बघंन. म्हयन्यात एक पळाला, तो बी आसंच मिटवून गेला. आता रोज रातच्याला एकेक जण येऊन रेघ मारायलाय. माझ्या पोटात गोळा यायलाय.”

त्यांनी पैसे मोजले. सहाशे चाळीसमधली दहाची नोट काढून परत माझ्या हातात दिली, पानावर रेघ न मारता लिहिलं: ‘जमा ६३०. बाकी १०.’

“दहा रुपये राहू दे.”

मग त्यांनी मागची पानं उलटली. ज्यांच्या नावावर रेघ मारली होती त्या प्रत्येकाच्या खाली दहा-दहा लिहिले. काकांच्या, चाचांच्या, मंडीच्या. ज्यांचा त्या रात्री चहाही झाला नव्हता त्यांच्या नावावरसुद्धा. दुसऱ्या दिवशी काकांनी हुज्जत घातली, की मी दहा रुपये देणं लागतच नाही. मामा म्हणाले, लागता. काका गप्प बसले.

भिशी ऑक्टोबरात नीट पार पडली. शेवटची चिठ्ठी काढायची नसतेच, एकच उरतो. ते काका निघाले. पूर्ण चोवीस मिळाले. हायवाची काही खबर आली नाही. कुणी म्हणालं समृद्धीवर कुठल्या तरी गाडीवर आहे, कुणी म्हणालं गुजरातला. मामीनं वर्षभर त्या चौदा हजारांचा उद्धार केला आणि तिचं चुकत होतं असं मला म्हणवत नाही. दोन रुपये, तीन रुपये सुटणाऱ्या चहात चौदा हजार म्हणजे किती चहा, ते तिनं मला एकदा बोटांवर मोजून दाखवलं.

नोव्हेंबरात नवी भिशी लागली. मामांनी स्वतःहून विचारलं. पण हायवामुळं एक नियम वाढला होता: नव्या माणसाची चिठ्ठी पहिल्या सहा महिन्यांत डब्यात टाकायची नाही. सातव्यापासून. मला जुनी मोटारसायकल घ्यायची होती, डिसेंबरात उचल मिळाली असती तर बरं झालं असतं. नियम जाचक होता आणि माझ्यावर उगाच आला होता. मी बाकावर बसून म्हटलंही तसं. मेडिकल म्हणाला, “तुझ्या जागी आम्ही असतो तर आम्हीही कुरकुरलो असतो. भर दोन हजार.” भरले. मामांनी उलट्या बाजूनं बारा ओळी आखल्या आणि माझ्या ओळीत ‘मंठा’ लिहिलं. मोल्डिंग नाही. मी काही विचारलं नाही.

डिसेंबरच्या बाराला पहिली चिठ्ठी होती. मामांची पहिली उचल झालेली, माझ्यासकट तिघं नवे बाजूला, राहिल्या आठ चिठ्ठ्या. थंडी चांगलीच होती. तीन वाजून दहा मिनिटांनी एक हवालदार गाडी लावून चहाला थांबला. त्याला डबा पुढं केला तर आधी त्याला वाटलं, काहीतरी भानगड आहे. समजावून सांगितल्यावर त्यानं हातमोजा काढला आणि चिठ्ठी उचलून मामांच्या हातात दिली.

‘देवगिरी’.

चाचा रिक्षात पाय वर घेऊन बसले होते. त्यांच्या पोरीची नर्सिंगची फी जानेवारीत भरायची होती, हे बाकावरच्या सगळ्यांना माहीत होतं. मामांनी रबर लावलेली गड्डी काढली आणि मोजायला लागले. पाच हजार झाले, सात झाले. चाचांनी मोबाईलमध्ये वेळ बघितली.

“टायमावर हाय आज देवगिरी,” म्हणाले आणि रिक्षाचा सेल मारला.

“आरं, पैसे?”

“राहू दे तुझ्याकडं. मोजून ठेव. सकाळी पोरीला पाठवतो.”

रिक्षा मुकुंदवाडीच्या दिशेनं गेली. मामांनी उरलेले मोजले, गड्डीला परत रबर लावलं आणि पत्तीच्या डब्याच्या मागं सरकवली. तीन वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. रिलीव्हर उशिरा आलेल्याला शिव्या घालतो, म्हणून मी पेला ठेवला. मामा वहीत लिहीत होते. मी वाकून बघितलं नाही.